नवा लॅपटॉप, जुनी नोंद

‘रिस्पेक्टेड सर, माझा लॅपटॉप बदलला आहे. तरी वायफाय चालू करून द्यावे ही विनंती.’ नवं सत्र सुरू झालं की महाविद्यालयांच्या आयटी विभागात अशा मेलांची रांग लागते. मेल नम्र असतो, छोटा असतो, आणि त्यावर काहीही करता येत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता खासगी जीमेलचा, त्यात नावाऐवजी एखाद्या क्रिकेटपटूचं टोपणनाव. वर्ग नाही, पीआरएन नाही. नवा लॅपटॉप कोणता, जुना कोणता, जुन्याचं काय झालं, यातलं काही नाही. आयटीवाले उलट मेल करतात, ‘मॅक ॲड्रेस पाठवा’. विद्यार्थी लॅपटॉपच्या खाली चिकटवलेल्या लेबलचा फोटो काढून सिरीयल नंबर पाठवतो. असं करत आठवडा जातो, आणि तोवर असाइनमेंट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होते.

काही वर्षं मी अशाच एका विभागाच्या शेजारच्या टेबलावर काम केलं. तिथं बसून एक गोष्ट पक्की कळली. हा मेल म्हणजे विनंतीअर्ज नव्हे, एका नोंदीतली दुरुस्ती आहे. आयटीवाल्याला त्याच्या यादीत एक जुनी ओळ पुसायची असते आणि एक नवी लिहायची असते. मेलमध्ये त्या दोन ओळींचा मजकूर असला तर काम पाच मिनिटांचं. नसला तर ‘कृपया’ कितीही वेळा लिहा.

आधी हे पाहावं की आपल्या कॉलेजात अशा नोंदणीची गरज आहे का. काही ठिकाणी वायफायला जोडलं की ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं, तिथं आपला आयडी आणि पासवर्ड टाकला की झालं; लॅपटॉप कोणता याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. काही ठिकाणी वायफाय जोडतानाच प्रत्येकाचा स्वतंत्र आयडी-पासवर्ड विचारला जातो. eduroam नावाची जी जागतिक सोय आहे, तीही याच पद्धतीने चालते. भारतात तिची व्यवस्था अर्नेट ही सरकारी संस्था पाहते. अशा ठिकाणी नव्या लॅपटॉपवर फक्त पासवर्ड पुन्हा टाकायचा, मेल करायची गरजच नाही. तिसरी पद्धत आपल्या विषयाची. तिथं लॅपटॉपच नोंदवलेला असतो, आणि यादीत नसलेल्या यंत्राला नेटवर्क आत घेत नाही. पुष्कळ महाविद्यालयांत, विशेषतः हॉस्टेलांमध्ये, पहिली आणि तिसरी पद्धत एकत्र असते. यंत्रही नोंदवलेलं हवं आणि वर लॉगिनही हवं. एका विद्यार्थ्याला एक किंवा दोनच यंत्रं असा नियमही बहुधा असतो.

यंत्र नोंदवायचं म्हणजे काय नोंदवायचं? नेटवर्कला लॅपटॉपची कंपनी दिसत नाही, मॉडेल दिसत नाही, सिरीयल नंबर तर अजिबात दिसत नाही. त्याला दिसतो फक्त लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाचा क्रमांक, म्हणजेच मॅक ॲड्रेस. गाडीला जसा चेसिस नंबर, तसा हा कार्डाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक. तो बारा चिन्हांचा असतो आणि दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहितात, उदाहरणार्थ `00-00-5E-00-53-2A`. त्यातल्या पहिल्या तीन जोड्या कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या असतात. त्या आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेकडून वाटल्या जातात. उरलेल्या तीन जोड्या ती कंपनी स्वतः देते. चिन्हं फक्त 0 ते 9 आणि A ते F, एवढीच. त्यामुळे मॅक ॲड्रेसमध्ये ‘ओ’ हे अक्षर कधीच नसतं. गोल दिसलं तर ते शून्य समजावं. ‘आय’ नसतं, ‘जी’ नसतं. मात्र 8 आणि B, 0 आणि D ही जोडगोळी धूसर फोटोत हमखास फसवते. म्हणून क्रमांक फोटोतून न पाठवता कॉपी करून मेलमध्ये मजकूर म्हणून चिकटवावा. आयटीवाल्यालाही तो यादीत कॉपीच करायचा असतो, फोटो बघत टाइप करायचा नसतो.

महाविद्यालयाला हा उपद्व्याप कशाला हवा, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. संपूर्ण कॅम्पस बाहेरच्या जगाला एका किंवा मोजक्याच आयपी पत्त्यांमागे दिसतो. समजा एखाद्या संस्थेने तक्रार केली की अमुक दिवशी, अमुक वेळी तुमच्या पत्त्यावरून आमच्या सर्व्हरवर गैरप्रकार झाला. आयटी विभाग आधी फायरवॉलच्या नोंदीत बघतो, त्या क्षणी बाहेर गेलेली ती जोडणी आतल्या कोणत्या आयपी पत्त्याची होती. मग आतले पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत बघतो, तो पत्ता तेव्हा कोणत्या मॅक ॲड्रेसला दिला होता. आणि शेवटी नोंदणीच्या यादीत बघतो, तो मॅक ॲड्रेस कोणाच्या नावावर आहे. तीन पायऱ्या उतरून माणूस सापडतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांत संगणक यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे, तेव्हापासून या नोंदींबद्दल आयटी विभाग जास्तच काटेकोर झाले आहेत. या साखळीतली शेवटची कडी म्हणजे आपली नोंद. ती चुकीची असेल तर साखळी चुकीच्या माणसापाशी संपते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत तो लागणार आहे.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी घेतलेला लॅपटॉप तिच्या नव्या सॉफ्टवेअरला पुरेना, म्हणून दिवाळीत घरच्यांनी नवा घेऊन दिला. जुना तिने हॉस्टेलमधल्याच पहिल्या वर्षाच्या मुलीला विकला. सत्र सुरू झालं, नव्या लॅपटॉपवर वायफाय चालेना. तिने मेल केला, आणि तो या लेखाच्या सुरुवातीला आहे तसाच होता. उत्तर आलं, ‘नव्या लॅपटॉपचा वायफाय मॅक ॲड्रेस पाठवा.’

मैत्रिणीने सांगितलं, `cmd` उघड आणि `ipconfig /all` टाइप कर. तिने केलं. काळ्या पडद्यावर भराभर ओळी सरकल्या. त्यातला कामाचा भाग साधारण असा होता:

```
Ethernet adapter Ethernet:
   Physical Address : 00-00-5E-00-53-10

Wireless LAN adapter Local Area Connection* 1:
   Description      : Microsoft Wi-Fi Direct Virtual Adapter
   Physical Address : 02-00-5E-00-53-2A

Wireless LAN adapter Wi-Fi:
   Physical Address : 00-00-5E-00-53-2A

Ethernet adapter Bluetooth Network Connection:
   Physical Address : 00-00-5E-00-53-2E
```

एका लॅपटॉपचे चार क्रमांक, आणि ‘मॅक ॲड्रेस’ असे शब्द कुठेच नाहीत. विंडोज त्याला `Physical Address` म्हणतं. पहिला क्रमांक केबल लावायच्या खाचेचा. चौथा ब्लूटूथचा. दुसरा आणि तिसरा, दोन्हींच्या वर `Wireless LAN` लिहिलेलं. तिने वरून वाचत आलेला पहिला `Wireless` उचलला आणि पाठवून दिला. इथंच घोटाळा झाला. तो दुसरा क्रमांक खऱ्या कार्डाचा नव्हेच. लॅपटॉपवरून पडदा टीव्हीवर दाखवणं, किंवा लॅपटॉपचाच हॉटस्पॉट करणं अशा कामांसाठी विंडोज एक काल्पनिक कार्ड तयार करतं, त्याचा तो क्रमांक. कॉलेजच्या वायफायशी बोलताना तो वापरलाच जात नाही. आयटीवाल्यांनी तो इमानेइतबारे यादीत लिहिला, ‘डन’ असं कळवलं, आणि वायफाय होतं तिथंच राहिलं. आता दोन्ही बाजूंना वाटतंय की चूक समोरच्याची.

खरा क्रमांक ओळखायची खूण सोपी आहे. ज्या शीर्षकात नुसतं `Wi-Fi` आहे, तारा किंवा आकडा नाही, तो आपला. दुसरी खूण क्रमांकातच असते. मॅक ॲड्रेसचं डावीकडून दुसरं चिन्ह पाहा. ते 2, 6, A किंवा E असेल तर तो कारखान्यातून आलेला क्रमांक नव्हे, सॉफ्टवेअरने बनवलेला आहे. वरच्या उदाहरणात दुसरा क्रमांक `02` ने सुरू होतो, म्हणजे बनवलेला. ही काही कुणी लावलेली युक्ती नाही. क्रमांकाच्या नियमातच त्या जागेवरचा एक बिट ‘हा स्थानिक आहे’ असं सांगण्यासाठी राखून ठेवला आहे. आयटीतले जाणते लोक मेल उघडल्यावर आधी हेच दुसरं चिन्ह बघतात.

हे कळलं की दुसरी एक अडचणही सुटते, आणि ती हल्ली काल्पनिक कार्डापेक्षा जास्त भेटते. गेल्या दशकात फोन आणि लॅपटॉप आपला खरा मॅक ॲड्रेस लपवायला लागले. कारण रास्त आहे. मॅक ॲड्रेस हवेतून उघडा जातो, तो वाचायला पासवर्ड लागत नाही. त्यामुळे एखाद्या मॉलमध्ये तुम्ही किती वेळा आलात, कोणत्या दुकानापाशी रेंगाळलात, हे तुमच्या खिशातल्या फोनवरून कुणालाही टिपता येत होतं. म्हणून ॲपलने 2014 मध्ये वायफाय शोधताना खोटे क्रमांक वापरायला सुरुवात केली. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 ने आणि 2020 मध्ये आलेल्या आयओएस 14 ने नेटवर्कला जोडतानाही तेच सुरू केलं. हेतू चांगला, पण नोंदणीवर चालणाऱ्या हॉस्टेलात त्याने गोंधळ माजला. विद्यार्थी एक क्रमांक पाठवतो आणि यंत्र दुसराच दाखवतं.

विंडोजमध्ये ही सोय मुळात बंद असते, पण कुणीतरी यूट्यूबवर बघून चालू केलेली असू शकते. विंडोज 11 मध्ये `Settings`, मग `Network & internet`, मग `Wi-Fi` इथं गेलं की `Random hardware addresses` असं बटण दिसतं. ते बंद असल्याची खात्री करावी. त्याच पानावर `Hardware properties` मध्ये `Physical address (MAC)` लिहिलेला असतो. काळ्या पडद्याची भीती वाटणाऱ्याने तिथूनच घ्यावा, त्यात चुकायला जागा कमी. मॅकबुकवर वायफायच्या सेटिंगमध्ये कॉलेजच्या नेटवर्कसमोरच्या `Details` मध्ये `Private Wi-Fi address` असा पर्याय असतो. अलीकडच्या आवृत्त्यांत त्याला `Off`, `Fixed` आणि `Rotating` असे तीन पर्याय आहेत. `Rotating` ठेवलं तर नोंदणी काही दिवसांनी आपोआप निकामी होणार. `Fixed` चालू शकतं, कारण त्या एका नेटवर्कसाठी क्रमांक ठरलेला राहतो. पण ते नेटवर्क ‘विसर’ असं सांगून पुन्हा जोडलं की क्रमांक बदलू शकतो. माझं मत विचाराल तर कॉलेजच्या नेटवर्कपुरतं `Off` ठेवावं. जिथं आपण स्वतःच नावानिशी नोंद केली आहे तिथं तोंड झाकून जाण्यात अर्थ नाही. रेल्वे स्टेशनवर आणि मॉलमध्ये मात्र ते चालूच असू द्यावं.

आता तिचा दुसरा मेल. या वेळी तो महाविद्यालयाने दिलेल्या ईमेल आयडीवरून गेला, आणि ही बाब वाटते त्यापेक्षा मोठी आहे. खासगी पत्त्यावरून आलेल्या मेलवर विश्वास ठेवून कुणाच्या नावाची नोंद बदलणं म्हणजे कुणीही कुणाच्याही नावावर यंत्र चढवू शकेल. कॉलेजच्या आयडीवरून आलेला मेल हीच ओळखपत्राची पहिली तपासणी. नव्या लॅपटॉपवर नेट नसेल तर फोनवरून, मोबाइल डेटावर तो आयडी उघडून पाठवावा. बहुतेक जण हा मेल इंग्रजीत लिहितात. मजकूर कोणत्याही भाषेत असा असावा:

विषय: लॅपटॉप बदल – वायफाय नोंदणी – पीआरएन (आपला क्रमांक)

‘महोदय,

मी तृतीय वर्ष, मेकॅनिकल, तुकडी ब ची विद्यार्थिनी. मुलींचे हॉस्टेल, खोली 214. माझा जुना लॅपटॉप मी बदलला आहे. त्याऐवजी नवा लॅपटॉप कॅम्पस वायफायवर नोंदवून मिळावा.

काढून टाकायचा: जुना लॅपटॉप, वायफाय मॅक 00-00-5E-00-53-71. हा मी 12 नोव्हेंबरला विकला असून तो आता माझ्याकडे नाही.

नोंदवायचा: नवा लॅपटॉप, विंडोज 11, वायफाय मॅक 00-00-5E-00-53-2A. रँडम हार्डवेअर ॲड्रेस बंद केला आहे.

यापूर्वी मी पाठवलेला 02 ने सुरू होणारा क्रमांक चुकीचा होता, तो यादीत घेतला असल्यास काढावा.

सोबत ओळखपत्र, नव्या लॅपटॉपचे बिल आणि मॅक ॲड्रेस दिसणारा स्क्रीनशॉट जोडला आहे.’

खाली नाव आणि मोबाइल क्रमांक. बस. एचओडीची सही, रेक्टरची सही हा प्रकार काही महाविद्यालयांत लागतो, काहींत नाही. आधी नियम पाहून घ्यावा, नाहीतर एका सहीसाठी मेल परत येतो. बिल मात्र बहुधा मागतात, कारण लॅपटॉप विद्यार्थ्याचाच आहे याचा तो एकमेव कागद. घरच्यांच्या नावावर बिल असलं तरी चालतं, तसं एका ओळीत लिहावं. पासवर्ड मात्र या मेलमध्ये कधीही लिहू नये. यंत्राची नोंद करायला पासवर्ड लागतच नाही, आणि कुणी तो मागितलाच तर समजावं की मागणारा आयटीवाला नाही.

जुन्या लॅपटॉपचा क्रमांक कुठून मिळवायचा, हा प्रश्न इथं येतो. लॅपटॉप विकला, बंद पडला किंवा हरवला असेल तर तो उघडून पाहता येत नाही. घाबरायचं कारण नाही. आयटीच्या यादीत तुमच्या पीआरएनसमोर तो असतोच. तुम्ही फक्त ‘माझ्या नावावरचा जुना लॅपटॉप काढावा’ असं स्पष्ट लिहायचं. दोन यंत्रं नोंदवलेली असतील, म्हणजे एक लॅपटॉप आणि एक टॅब, तर कोणतं काढायचं ते मात्र सांगायला हवं. नाहीतर नेमका टॅब जातो.

लॅपटॉप चोरीला गेला असेल तर मेलचा सूर बदलतो. तेव्हा ‘काढावा’ असं न लिहिता ‘ब्लॉक करावा’ असं लिहावं, आणि नव्या लॅपटॉपची वाट न पाहता त्याच दिवशी लिहावं. काढून टाकलेला क्रमांक म्हणजे यादीत नसलेला क्रमांक. ब्लॉक केलेला क्रमांक मात्र व्यवस्थेच्या लक्षात राहतो. तो लॅपटॉप कॅम्पसवर कुठे चालू झाला आणि वायफायला जोडायचा प्रयत्न झाला, तर कोणत्या इमारतीतल्या कोणत्या ॲक्सेस पॉइंटपाशी हे नोंदीत सापडू शकतं. यालाही मर्यादा आहे. चोराने क्रमांक लपवायची सोय चालू केली की ही खूण गेली. शिवाय लॅपटॉपमध्ये कॉलेजचा पासवर्ड साठवलेला असतो, तो आधी बदलायचा. मॅक ॲड्रेस बंद केला म्हणून पासवर्ड बंद होत नाही.

एक प्रकार असा आहे की ज्यात मेल करावा की नाही हेच कळत नाही. लॅपटॉप बदलला नाही, सर्व्हिस सेंटरमधून दुरुस्त होऊन आला. नवी बॅटरी, नवा कीबोर्ड, नवी हार्डडिस्क, विंडोज नव्याने टाकलं, यातल्या कशानेही मॅक ॲड्रेस बदलत नाही, कारण तो वायफाय कार्डात असतो. मदरबोर्ड बदलला तर मात्र थांबून पाहावं. पुष्कळ लॅपटॉपमध्ये वायफाय कार्ड ही बोटभर लांबीची, स्क्रूने बसवलेली वेगळी पट्टी असते. मदरबोर्ड बदलताना तंत्रज्ञ जुनी पट्टी नव्या बोर्डावर लावतो आणि क्रमांक तोच राहतो. पण पातळ लॅपटॉपमध्ये वायफायची चिप बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते; तिथं बोर्डाबरोबर क्रमांकही बदलतो. दिसायला लॅपटॉप तोच, स्टिकर तोच, ओरखडे तेच, आणि नेटवर्कच्या लेखी मात्र तो परका. म्हणून दुरुस्तीहून आलेल्या यंत्राचा क्रमांक जुन्या मेलमधल्या क्रमांकाशी ताडून बघावा. तोच असेल तर आयटीला त्रास देण्याचं कारण नाही, अडचण दुसरीकडे आहे. यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल घेतला असेल तर त्याचा क्रमांक त्याच्यासोबत जातो. तो ज्या लॅपटॉपला लावाल तो लॅपटॉप तुमचा समजला जाईल.

आपल्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या मेलला संध्याकाळी उत्तर आलं की नोंद झाली. तरीही लगेच वायफाय चाललं नाही, आणि असं होतं. यादीतला बदल सगळ्या यंत्रणेपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, शिवाय लॅपटॉपला जुन्या नकाराची आठवण असते. वायफायच्या यादीत कॉलेजच्या नेटवर्कवर `Forget` दाबून ते नव्याने जोडलं की बहुतेकदा काम होतं. तरीही नाही झालं तर नेमकं काय दिसतंय ते बघावं, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या जागेकडे बोट दाखवतं. `Can't connect to this network` असं आलं तर दारातच अडवलंय, म्हणजे क्रमांक यादीत नाही किंवा वायफायचा पासवर्ड चुकतोय. वायफाय जोडलं गेलं, पण पुन्हा `ipconfig` करून पाहिल्यावर आयपी पत्ता `169.254` ने सुरू होतोय, तर दारातून आत आलात, पण पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरने तुम्हाला पत्ता दिला नाही. लॅपटॉपने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. अनेक ठिकाणी नोंद नसलेल्या यंत्राला असंच उपाशी ठेवतात. आणि पत्ता `10.` किंवा `172.` ने सुरू होणारा नीट मिळालाय पण संकेतस्थळ उघडत नाही, तर नोंदणी बहुधा ठीक आहे, लॉगिनचं पान पुढे आलं नाही एवढंच. ब्राउझरमध्ये एखादा साधा पत्ता टाकून ते पान ओढून आणावं लागतं.

तिला आला होता `10.` चा पत्ता. लॉगिन केलं आणि नेट सुरू झालं. पुढचा मेल करावा लागला असता तर तो नवा न लिहिता त्याच मेलला उत्तर म्हणून लिहिणं बरं, आणि त्यात ‘अजून चालत नाही’ एवढंच नाही, तर वेळ, जागा आणि आयपी पत्ता लिहावा: ‘आज संध्याकाळी 7.40, हॉस्टेलचा दुसरा मजला, पत्ता 169.254 ने सुरू होतोय.’ नोंदींच्या ढिगात आयटीवाला वेळेवरूनच शोधतो. ही एक ओळ नसली तर तो तुम्हाला फोन करून हेच विचारणार.

आणि जुना लॅपटॉप घेतलेली पहिल्या वर्षाची मुलगी? तिची गंमत वेगळीच होती. ‘ताई, मी तर काहीच केलं नाही, लावल्या लावल्या वायफाय चालू झालं,’ असं ती आनंदाने सांगत होती. होणारच. नेटवर्कच्या यादीत तो लॅपटॉप अजून ताईच्या नावावर होता, आणि विकताना लॅपटॉप साफ न केल्यामुळे ब्राउझरमध्ये ताईचा लॉगिन आयडी आणि पासवर्डही साठवलेला होता. दिवाळीनंतरच्या त्या काळात त्या मुलीने जे काही उघडलं, उतरवलं, ते सगळं नोंदीत तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या खात्यावर जमा झालं. काही विपरीत घडलं नाही. पण तक्रार आली असती तर त्या तीन पायऱ्या उतरून आयटी विभाग खोली 214 पर्यंतच आला असता.

ताईने मेलमध्ये ‘विकला’ असं लिहून जुना क्रमांक काढायला लावला, त्या दिवशी धाकटीचं वायफाय बंद पडलं. मग तिने मेल केला, आणि तोही आधी अडला. तिने जुन्या लॅपटॉपचा क्रमांक अगदी बरोबर पाठवला होता, पण एक मॅक ॲड्रेस एकाच विद्यार्थ्याच्या नावावर राहू शकतो, आणि तो तोवर मुख्य यादीतून गेला असला तरी हॉस्टेलच्या वेगळ्या यादीत ताईच्याच नावावर होता. यंत्रणेने ‘डुप्लिकेट’ म्हणून तो परत केला. सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्याच्या मेलमध्ये म्हणूनच एक ओळ जास्त लागते: हा लॅपटॉप मी आपल्याच महाविद्यालयातल्या अमुक पीआरएनच्या विद्यार्थिनीकडून घेतला आहे, तिचा संमतीचा मेल सोबत जोडला आहे, आधी तिच्या नावावरची नोंद सर्व याद्यांतून काढून मग माझ्या नावावर घ्यावी. धाकटीने ती ओळ घालून पुन्हा पाठवला. दोघींच्या नोंदी त्याच दुपारी सरळ झाल्या, आणि ताईने मग आपला पासवर्डही बदलला.